फोनवरून केबलने दिलेली प्रिंट मध्येच थांबते, दर वेळी वेगळ्याच लेअरला: कारण कसं शोधायचं आणि कायमचं कसं मिटवायचं

हा प्रॉब्लेम इतक्या जणांना येतो आणि इतक्या वेळा परत परत येतो की एकदा सगळं नीट सविस्तर लिहून टाकावं म्हटलं. लक्षण असं असतं. ओटीजी लावून फोन थ्रीडी प्रिंटरला जोडला, ॲपमध्ये फाइल उघडली, प्रिंट सुरू केली, पहिले दहा-वीस लेअर मस्त गेले, आणि नंतर येऊन बघितलं तर हेड पार्टवरच एका जागी उभं, नोझल गरम, खाली प्लास्टिकचा गोळा झालेला. परत सुरू केलं की या वेळी दुसऱ्याच लेअरला थांबतं. मग लोक केबल बदलतात, फाइल परत स्लाइस करतात, कोणी फर्मवेअर पण बदलतं, आणि एखाद दिवस चालतं सुद्धा त्यामुळे वाटतं की झालं बरोबर, आणि परत तेच.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. केबलने प्रिंट देता तेव्हा फाइल प्रिंटरमध्ये जात नाही. फाइल फोनमध्येच असते आणि फोन त्यातली एक एक ओळ प्रिंटरला पाठवतो, प्रिंटर ती घेतो आणि `ok` म्हणतो, मग फोन पुढची ओळ पाठवतो. शाळेत बाई शुद्धलेखन सांगायच्या तसं आहे हे, त्या बोलायच्या थांबल्या की सगळ्या वर्गाची पेन्सिल थांबणार. मार्लिन फर्मवेअरमध्ये हालचालींचा साठा असतो पण तो फार छोटा, साधारण सोळा हालचाली, काही बोर्डांवर थोड्या जास्त. वक्र भिंतीत किंवा गोलात एवढ्या बारक्या हालचाली सेकंदाभरात संपून जातात. म्हणजे चार तासांची प्रिंट असेल तर फोनने चार तास न थांबता बोलत राहायला हवं, आणि आजचे फोन नेमकं हेच होऊ नये म्हणून बनवलेले आहेत.

आणि थांबल्यावर काय होतं ते पण बघा, कारण इथे थोडा धोका आहे. ओळी यायच्या बंद झाल्या म्हणून प्रिंटर हीटर बंद करत नाही. त्याला वाटतं सांगणारा अजून काही सांगेल, म्हणून नोझल २०० वर असेल तर २०० वरच राहतं, बेड पण गरम राहतो. थर्मल रनअवे नावाचं जे संरक्षण असतं ते तापमान हाताबाहेर गेलं तर चालतं, नुसतं रिकामं उभं राहिल्यावर नाही. बराच वेळ हालचाल नसेल तर हीटर बंद करायची वेगळी सोय मार्लिनमध्ये आहे पण ती मुळात बंद असते, बनवणाऱ्याने चालू करून दिली असेल तरच मिळते. उलट मोटर मात्र साधारण दोन मिनिटं हालचाल नसली की सैल सोडल्या जातात, मग हेडला जरा धक्का लागला किंवा झेड थोडा खाली बसला की जागा चुकते आणि तिथून प्रिंट पुढे चालू केली तर लेअर सरकलेला येतो. त्यामुळे थांबलेली दिसली की पहिलं काम नोझल थंड करणं, स्क्रीनवरून करा किंवा `M104 S0` आणि बेडसाठी `M140 S0` पाठवा, बाकीचा तपास नंतर.

लॉगची शेवटची ओळ बघा, अंदाज लावत बसू नका

बहुतेक सगळ्या ॲपमध्ये टर्मिनल किंवा कन्सोल असा टॅब असतो, तिथे फोन काय म्हणाला आणि प्रिंटर काय म्हणाला ते दिसतं. प्रिंट थांबली की ॲप बंद करायचं नाही, केबल काढायची नाही, आधी तो टॅब उघडायचा आणि अगदी शेवटी काय आहे ते वाचायचं, स्क्रीनशॉट काढून ठेवलात तर अजून चांगलं. एका मित्राच्या प्रिंटरचा लॉग असा होता. साधा बेड पुढेमागे सरकणारा मार्लिनवाला प्रिंटर, एका डब्याची साधारण साडेतीन तासांची प्रिंट, आणि ती कधी पंचवीस मिनिटांनी कधी तासाभराने थांबायची. त्याची तोपर्यंत केबल बदलून झाली होती.

```
N8412 G1 X91.2 Y110.3 E0.041*97
ok
N8413 G1 X91.9 Y110.3 E0.038*101
ok
```

आणि इथे संपलं. यात `N` म्हणजे ओळीचा नंबर आणि `*` नंतरचा आकडा म्हणजे त्या ओळीतल्या सगळ्या अक्षरांवरून काढलेला चेकसम, वाटेत एखादं अक्षर बिघडलं तर तो जुळत नाही आणि प्रिंटर ओळ परत मागतो. आता शेवटची ओळ कोणाची आहे? प्रिंटरची. त्याने ८४१३ ओळ नीट घेतली, चेकसम जुळला, `ok` म्हणाला, आणि पुढे बोलायची पाळी फोनची होती आणि फोन गप्प बसला. म्हणजे केबल निर्दोष, फाइल निर्दोष, प्रिंटर निर्दोष. फोन झोपला. एवढ्या एका ओळीवरून केबल बदलायचा सगळा खटाटोप वाचतो.

समजा शेवटची ओळ फोनची असती, म्हणजे `N8413` पाठवलंय आणि त्यावर `ok` आलंच नाही, तर गोष्ट उलटी आहे. एकतर ओळ पोचली नाही किंवा `ok` वाटेत हरवला आणि दोघे एकमेकांची वाट बघत बसले. हे केबल, ढिला ओटीजी जोड, किंवा इलेक्ट्रिकल गोंगाट यांच्याकडे बोट दाखवतं, आणि बहुतेक वेळा त्याच्या आधी लॉगमध्ये `Resend:` अशा ओळी विखुरलेल्या सापडतात. दोन-चार तासांत एखादा `Resend` आला तर काळजी नको, त्यासाठीच तर चेकसम आहे, पण दर मिनिटाला येत असतील तर छोटी जाड केबल घ्या, ती मोटरच्या वायर आणि पॉवर सप्लायपासून लांब न्या.

तिसरा प्रकार म्हणजे लॉगमध्ये मध्येच `start` आणि त्याखाली मार्लिनचं नाव-व्हर्जन वगैरे दिसतं. याचा अर्थ बोर्ड रीसेट झाला. पॉवरला झटका बसला असेल, किंवा केबल क्षणभर सुटून ॲपने परत कनेक्शन उघडलं असेल. बऱ्याच बोर्डांवर, खास करून जुन्या आठ बिटवाल्या, सिरियल पोर्ट उघडला की बोर्ड मुद्दाम रीसेट होतो, डीटीआर नावाची लाइन तशीच जोडलेली असते. म्हणून केबल सुटली तर परत लावून प्रिंट पुढे नेता येईल ही आशा सोडा, लावल्या क्षणी प्रिंटर सगळं विसरणार.

(कनेक्टच होत नसेल किंवा लॉगमध्ये नुसती चित्रविचित्र अक्षरं येत असतील तर तो वेगळा आणि सोपा विषय आहे. अक्षरं विचित्र म्हणजे बॉड रेट चुकलाय, ११५२०० असेल तर २५०००० करून बघा किंवा उलट. फोन परवानगीच विचारत नसेल तर केबल फक्त चार्जिंगची असू शकते, डेटाच्या वायरच नसतात तिच्यात. आणि प्रिंटरला सी पोर्ट असेल आणि दोन्ही टोकांना सी असलेली केबल चालत नसेल तर घाबरू नका, काही बोर्डांवर त्या पोर्टला लागणारे दोन ५.१ किलोओहमचे रेझिस्टर दिलेलेच नसतात त्यामुळे फोनला पलीकडे कोणी आहे हे कळत नाही. फोनला ओटीजी अडॅप्टर आणि त्यातून जुनी ए टू सी केबल, की लगेच चालतं.)

फोन का झोपतो आणि स्क्रीन चालू ठेवायचं बटण लावून पण का झोपतो

अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोनमध्ये डोझ नावाची व्यवस्था आहे. फोन चार्जिंगला नाही, स्क्रीन बंद आहे आणि हलत पण नाहीये असं झालं की सिस्टिम मागे चाललेल्या ॲपचे हातपाय बांधायला लागते. त्यावर प्रत्येक कंपनीची स्वतःची बॅटरी वाचवायची सेटिंग असतात, ती कधीकधी डोझपेक्षा कडक असतात, स्क्रीन बंद होऊन थोडा वेळ गेला की ॲप सरळ मारून टाकतात. आता आपली परिस्थिती बघा, फोन टेबलावर निपचित पडलाय, स्क्रीन बंद, आणि ओटीजीमध्ये फोन हा होस्ट असतो म्हणजे तो स्वतः ५ व्होल्ट बाहेर देत असतो, चार्ज होतच नसतो. डोझला हव्या असलेल्या तिन्ही अटी आपण स्वतःच्या हाताने पूर्ण करून दिल्या. आणि ते प्रत्येक फोनवर, प्रत्येक ॲपमध्ये, त्या दिवशी फोनला किती वेळा हात लागला त्यावर वेगवेगळ्या वेळी होतं, म्हणूनच थांबायचा लेअर दर वेळी वेगळा असतो.

यावर एक सल्ला सगळीकडे मिळतो की डेव्हलपर ऑप्शनमध्ये जाऊन स्क्रीन चालू ठेवायचं बटण चालू करा. ते बटण नीट वाचा, त्याखाली लिहिलेलं असतं की चार्जिंग चालू असतानाच स्क्रीन झोपणार नाही. ओटीजीवर चार्जिंग नाही, मग त्या बटणाचा उपयोग पण नाही. मित्राने नेमकं हेच चालू केलं होतं आणि त्याला वाटत होतं की स्क्रीनचा प्रश्न मिटलाय.

काही फोनमध्ये तर ओटीजी चालू करायचं वेगळं बटण सेटिंगमध्ये असतं आणि थोडा वेळ वापर नसला की ते आपोआप बंद होतं. प्रिंट चालू असताना सहसा त्रास देत नाही, पण फोन जोडून ठेवला, मग बेड साफ केला, फिलामेंट बदललं आणि परत येऊन बघितलं तर प्रिंटर गायब, असं होत असेल तर ते बटण तपासा.

केबलनेच प्रिंट द्यायची असेल, दुसरा मार्गच नसेल, तर हे करा. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन अनरिस्ट्रिक्टेड किंवा निर्बंध नको असं जे काही तुमच्या फोनमध्ये म्हणतात ते निवडा. अलीकडचे ॲप दिसत राहतात त्या यादीत ॲपला कुलूप लावायची सोय असेल तर लावा. ॲपमध्येच स्क्रीन चालू ठेवा असा पर्याय असेल तर तो चालू करा, हा पर्याय चार्जिंगवर अवलंबून नसतो त्यामुळे तो खरा कामाचा. स्क्रीनची चमक अगदी कमी करून ठेवा. आणि एक पॉवर डिलिव्हरीवाला सी टाइप हब घ्या ज्याला एका बाजूने चार्जर लावता येतो आणि दुसऱ्या बाजूने प्रिंटर, म्हणजे फोन होस्ट पण राहतो आणि चार्ज पण होतो. सगळे फोन हे दोन्ही एकदम करत नाहीत, तेव्हा आधी हब लावून बॅटरीचं चार्जिंगचं चिन्ह येतंय का आणि ॲपला प्रिंटर दिसतोय का ते दोन्ही एकाच वेळी तपासा. एवढं केलं की तासा-दीड तासाच्या प्रिंट बऱ्यापैकी भरवशाने जातात. त्याहून लांब प्रिंट मी तरी कोणाला फोनवरून ओळ ओळ पाठवायला सांगणार नाही, कितीही सेटिंग केली तरी, कारण एक सिस्टिम अपडेट आला की सेटिंग परत जागेवर आणि ते कळतं थांबलेल्या प्रिंटवरून.

खरा उपाय: प्रिंट होताना फाइल कुठे आहे?

हा एकच प्रश्न विचारा. फाइल फोनमध्ये आहे आणि तिथून ओळी येतायत, तर प्रिंट फोनच्या भरवशावर. फाइल प्रिंटरच्या कार्डमध्ये आहे, किंवा प्रिंटरला जोडलेल्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये आहे, तर फोनचं काम फाइल पोचवली की संपलं, मग तो झोपू दे, खिशात घालून बाहेर जा, काही फरक पडत नाही. केबल की वायरलेस हा मुद्दा इथे दुय्यम आहे. कारण वायरलेसने सुद्धा काही ॲप ओळ ओळच पाठवतात, नुसतं केबलच्या जागी वायफाय, आणि मग फोन झोपला की तिथे पण हेच होतं. ॲपमध्ये अपलोड आणि प्रिंट अशी दोन वेगळी बटणं असतील, आणि अपलोडला फाइलच्या आकाराप्रमाणे वेळ लागत असेल, तर फाइल खरंच पलीकडे जातेय. प्रिंट दाबल्या दाबल्या एका सेकंदात सुरू होत असेल आणि आधी कुठलं अपलोड झालंच नसेल, तर ओळी जातायत.

सगळ्यात बिनचूक रस्ता अजूनही कार्ड रीडरचाच आहे. फोनला छोटा ओटीजी कार्ड रीडर लावायचा, प्रिंटरचं कार्ड त्यात, फाइल मॅनेजरमधून कॉपी, फोनमधून नीट इजेक्ट करून मगच काढायचं, आणि प्रिंटरच्या स्क्रीनवरून सुरू. आयफोनवाल्यांना तर केबलने ओळी पाठवायचा मार्ग जवळजवळ नाहीच, कारण तिथे साध्या सिरियल चिपशी ॲपला बोलता येत नाही, पण आयओएस १३ पासून फाइल्स ॲपमधून कार्डावर लिहिता येतं, त्यामुळे हा रस्ता त्यांना पण चालतो. कार्ड ३२ जीबी किंवा त्याहून छोटं, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलं, आणि फाइलचं नाव छोटं साधं इंग्रजी अक्षरांत.

फाइल कार्डात असेल आणि तुम्हाला केबलवरून फक्त सुरू करायची असेल तर टर्मिनलमधून एवढंच लागतं:

```
M21
M20
M23 DABBA.GCO
M24
```

`M21` कार्ड वाचायला घेतं, `M20` यादी दाखवतं, `M23` फाइल निवडतं, `M24` सुरू करतं. यादीत नाव आठ अक्षरांपर्यंत छाटलेलं आणि शेवटी `.GCO` असं दिसलं तर ते बरोबर आहे, तेच नाव जसंच्या तसं द्यायचं. सुरू झाल्यावर बोर्डला स्वतःची पॉवर आहे तेव्हा केबल काढून टाकली तरी चालते, पण परत लावून ॲप कनेक्ट करू नका, वर सांगितलेला रीसेट इथे पण होतो आणि कार्डावरून चाललेली छान प्रिंट तुम्ही नुसतं बघायला गेलात म्हणून मरते.

वायरलेसने कार्डावर पाठवली तरी डबा अर्धाच का आला

आता मित्राच्या गोष्टीचा दुसरा भाग, आणि मला वाटतं हा जास्त कामाचा आहे कारण याबद्दल कोणी फारसं सांगत नाही. त्याने प्रिंटरच्या बोर्डला एक छोटं वायफाय मॉड्यूल जोडलं, त्यातून फोनवरून फाइल थेट कार्डावर जाते, मग प्रिंट कार्डावरून. बरोबर दिशा. पहिली प्रिंट दिली आणि डबा दोन तृतीयांश झाल्यावर थांबला. आणि या वेळी प्रिंटर स्क्रीनवर म्हणतोय प्रिंट पूर्ण झाली. नोझल मात्र गरम, आणि हेड पार्टवरच. हे लक्षण ओळखून ठेवा, स्क्रीनवर शंभर टक्के आणि हातात अर्धा पार्ट म्हणजे फाइलच अर्धी आहे. नोझल गरम का, तर ते बंद करायची `M104 S0` ही ओळ, हेड बाजूला न्यायची ओळ, सगळं फाइलच्या शेवटी असतं, आणि शेवट आलाच नव्हता.

खात्री करायला `M23` परत दिलं तेव्हा उत्तर असं आलं:

```
File opened: DABBA.GCO Size: 5111808
File selected
```

फोनमध्ये त्याच फाइलचा आकार ७.३४ एमबी दिसत होता, नेमका आकडा ७३४०३३२ बाइट. कार्डावर पोचले ५१ लाख आणि काही. दोन आकडे शेजारी ठेवले की वाद संपला. (फोन एमबी दाखवतो आणि प्रिंटर बाइट, आणि काही फोन एक एमबी म्हणजे दहा लाख बाइट धरतात तर काही १०४८५७६, त्यामुळे शक्यतो फाइलच्या डीटेल्समध्ये जाऊन बाइटमधला आकडा बघा.)

अपलोड अर्धं का राहिलं ते समजायला थोडा हिशोब करावा लागतो. असं मॉड्यूल फोनशी वायफायने बोलतं खरं पण बोर्डशी ते त्याच जुन्या सिरियल वायरीने बोलतं, ११५२०० बॉडवर. एका बाइटला दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ११५२० बाइट. ७३ लाख बाइटला त्या वेगाने साधारण ६३७ सेकंद, साडेदहा मिनिटांच्या वर, आणि हे कागदावरचं, प्रत्येक ओळीला `ok` ची वाट बघायची असल्यामुळे प्रत्यक्षात अजून बराच जास्त वेळ जातो. वायफाय कितीही वेगवान असो, अरुंद जागा पुढे आहे. आणि आता परत तेच, त्याने अपलोड दाबलं, फोन खाली ठेवला, दोन मिनिटांत स्क्रीन बंद, थोड्या वेळाने फोनने ब्राउझरचा टॅब गोठवला, कनेक्शन तुटलं, आणि मॉड्यूलने जेवढं आलं तेवढं लिहून फाइल बंद केली. झोपेचा प्रश्न केबलवरून वायफायवर आला होता, फक्त साडेतीन तासांऐवजी आता पंधरा-वीस मिनिटं फोन जागा ठेवायचा होता. हे जमण्यासारखं आहे. फोन चार्जरला लावा (आता लावता येतो, ओटीजी नाहीये), आणि आता मात्र ते डेव्हलपर ऑप्शनवालं बटण खरंच काम करतं, अपलोडचं पान समोर उघडं ठेवा, दुसऱ्या ॲपमध्ये जाऊ नका. पूर्ण झालं की आकार साधारण जुळतोय ना ते बघा आणि मगच प्रिंट.

कधीकधी अशा तुटलेल्या अपलोडनंतर यादीत फाइल शून्य बाइटची दिसते. कारण कार्डावर लिहायला `M28` ने सुरुवात होते आणि `M29` ने फाइल बंद होते, ते `M29` आलंच नाही तर फाइल बंद होत नाही. त्याहून विचित्र म्हणजे प्रिंटर अजून लिहायच्याच अवस्थेत असतो आणि तुम्ही पुढे जे काही पाठवाल ते करायच्या ऐवजी फाइलमध्ये लिहून ठेवतो. कमांडला उत्तर म्हणून नुसतं `ok` येतंय पण होत काहीच नाही असं दिसलं तर एकदा `M29` पाठवा, अर्धी फाइल उडवा, परत अपलोड करा.

फाइल पूर्ण आहे का हे फोनमध्येच बघायची पण सोय आहे, टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून अगदी खाली जायचं. क्युराच्या फाइलमध्ये शेवटाकडे `;End of Gcode` दिसतं, प्रुसास्लायसरच्या फाइलच्या शेवटी `; prusaslicer_config = end`. ही ओळ फोनमधल्या फाइलमध्येच नसेल तर दोष अपलोडचा नाही, फाइल डाउनलोड होतानाच किंवा कोणी पाठवतानाच तुटली आहे. मोठ्या फाइलला एडिटर अडकतो, तेव्हा आकार जुळवणं हेच सोपं पडतं.

आणि प्रिंटर सापडतच नाही तेव्हा

वायरलेसमधली बाकीची भांडणं बहुतेक पत्त्याची असतात. मॉड्यूलने स्वतःचं वायफाय सुरू केलं असेल तर पत्ता बहुधा `192.168.4.1` असतो, पण त्या वायफायला इंटरनेट नसल्यामुळे फोन शहाणपणा करून गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि पान उघडत नाही. मोबाइल डेटा बंद करा आणि परत बघा. घरच्या राउटरवर जोडलं असेल तर लक्षात ठेवा की या मॉड्यूलमधल्या नेहमीच्या चिप, ईएसपी८२६६ आणि मूळ ईएसपी३२, फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतात. फोन ५ वर असला तरी हरकत नाही, राउटर दोन्हीला जोडून देतो, पण गेस्ट नेटवर्कवर बहुधा एक उपकरण दुसऱ्याला दिसू देत नाहीत म्हणून प्रिंटर आणि फोन दोघांना मुख्य नेटवर्कवर ठेवा. फोनवर व्हीपीएन चालू असेल तर तो बंद. आयफोनवर ॲपने स्थानिक नेटवर्कची परवानगी मागितली असेल आणि चुकून नाही म्हटलं गेलं असेल तर सेटिंगच्या प्रायव्हसीमध्ये जाऊन ती चालू करावी लागते, आयओएस १४ पासून हे आहे आणि नाही म्हटल्यावर ॲप काहीही न सांगता नुसतं शोधत बसतं.

काल चालत होतं आणि आज सापडत नाही असं दर काही दिवसांनी होत असेल तर राउटरने प्रिंटरला नवीन आयपी दिलाय. राउटरच्या पानावर जाऊन त्या प्रिंटरचा पत्ता राखून ठेवा, डीएचसीपी रिझर्वेशन म्हणतात त्याला, आणि ॲपमध्ये `octopi.local` सारख्या नावाऐवजी तो आकडा टाका, जुन्या अँड्रॉइडच्या ब्राउझरला `.local` वाली नावं कळत नाहीत.

ऑक्टोप्रिंट असेल तर फाइल रास्पबेरी पायमध्ये जाते आणि ओळी तिथून जातात, पाय झोपत नाही, त्यामुळे लांब प्रिंटला हे मला सगळ्यात आवडतं. क्लिपरवाल्यांचं पण तसंच, फाइल होस्टवर असते. तिथे अपलोड वायफायच्या वेगाने होतं, सिरियलची अरुंद वाट अपलोडच्या आड येत नाही, सात एमबीची फाइल काही सेकंदात जाते आणि फोन झोपायला वेळच मिळत नाही. एकच बघा की अपलोड करताना लोकल निवडलंय, एसडी नाही, कारण ऑक्टोप्रिंटमध्ये एसडीवर अपलोड म्हणजे परत तीच सिरियल वायर आणि तोच पंधरा-वीस मिनिटांचा हिशोब. जुना अँड्रॉइड फोनच ऑक्टोप्रिंट म्हणून वापरायचा असेल, ऑक्टो४ए वापरून, तर तो फोन परत ओटीजी होस्ट झाला, म्हणून वरचं बॅटरीचं सगळं आणि चार्जिंगवाला हब त्याला लागू, आणि लांब प्रिंटच्या आधी एकदा स्क्रीन बंद करून हवेतच, फिलामेंट न घालता आणि तापमानाच्या ओळी काढून, तासभर फाइल चालवून लॉग बघा. नोझल थंड असल्यामुळे मार्लिन `cold extrusion prevented` म्हणत राहील, ते चालेल, हालचाल तासभर अखंड चालली का एवढंच बघायचंय.